सोळा गुण आणि लाल रांग

आमच्या खोलीतून माणूस दोनपैकी एक शब्द घेऊन बाहेर पडतो: फिट किंवा अनफिट. कुंभिवलीच्या बाजूला असलेल्या एका लोखंडी पाइपांच्या कारखान्यात मी गेली अनेक वर्षं नर्स आहे. खोलीवर 'व्यावसायिक आरोग्य केंद्र' अशी पाटी आहे, पण सगळे 'सिस्टरची खोली' म्हणतात. बोटाला पट्टी, डोळ्यात गेलेला कण, वर्षाची तपासणी, कान, फुप्फुस, नजर. प्रत्येक तपासणीचा शेवट एका रकान्यात होतो आणि त्या रकान्यात मी एफ किंवा यू लिहिते. यादी एचआरकडे जाते. ज्याची नजर कमी त्याला क्रेनवर चढवत नाहीत, ज्याचे कान गेले त्याला प्रेसजवळ ठेवत नाहीत. ही पद्धत चांगली आहे. तिने माणसं वाचवली आहेत. पुढे जे झालं ते या चांगल्या पद्धतीमुळेच झालं, म्हणून आधी सांगून ठेवते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये हेड ऑफिसला मानसिक आरोग्याची आठवण झाली. मराठीत छापलेले फॉर्म आले, पीएचक्यू-नाइन नावाचे. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत पुढील त्रास किती वेळा झाला: कामात रस न वाटणं, उदास वाटणं, झोपेची तक्रार, थकवा, भुकेची तक्रार, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल-बोलणं मंदावणं किंवा उलट फार अस्वस्थ होणं, आणि नववा, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येणं. प्रत्येक प्रश्नाला चार घरं. अजिबात नाही, शून्य. काही दिवस, एक. निम्म्यापेक्षा जास्त दिवस, दोन. जवळजवळ रोज, तीन. बेरीज करायची, जास्तीत जास्त सत्तावीस. फॉर्मच्या मागे तक्ता होता: पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम ते तीव्र, वीसपासून तीव्र. तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती, की हे निदान नाही, डॉक्टरांनी मुलाखत घ्यावी. बारीक अक्षरं मी औषधाच्या बाटलीवरची वाचते. ही वाचली नाहीत.

फॉर्म मेच्या सुरुवातीला कँटीनमध्ये भरून घेतले, सकाळी सात वाजता, रात्रपाळी सुटताना आणि सकाळपाळी चढताना, म्हणजे दोन्ही पाळ्या एकदम मिळतात. वर नाव आणि कामगार क्रमांक. रात्रभर जागलेला माणूस 'झोपेची तक्रार' या प्रश्नाला काय लिहील याचा विचार कुणी केला नाही. मीही नाही. मी दोन दिवस बेरजा केल्या आणि कॉम्प्युटरवर तक्ता बनवला. दहाच्या खाली हिरवी रांग, दहा ते चौदा पिवळी, पंधरा आणि वर लाल. लाल चार निघाल्या. शेवटी सवयीने रकाना आला आणि चार लाल रांगांपुढे मी यू लिहिलं. यादी मेलने एचआरला पाठवली आणि जेवायला गेले.

सोमवारी दहाच्या सुमारास दारात दादा उभा राहिला. दादा म्हणजे आमचा सगळ्यात जुना क्रेनचालक. इथलाच, खालापूरच्या अलीकडच्या गावातला. भातशेती भावाकडे, हा एकोणीस वर्षं शेडच्या छताखालच्या त्या काचेच्या केबिनमध्ये. दर मे महिन्यात माझ्या टेबलावर पानाच्या द्रोणात करवंदं ठेवून जायचा, न बोलता. त्या दिवशी हातात द्रोण नव्हता.

"सिस्टर, मला येडा ठरवला काय?"

"कोण म्हणालं?"

"खाली उतरवलाय मला. स्टोरमदी बसवलाय नट मोजायला. एचआरची मॅडम बोलली, दादा, तुमच्या डोक्याचा रिपोर्ट लाल हाय. आनि ती पोरं..." त्याने बाहेर पाहिलं. दाराबाहेर दोघं पाणी पिण्याच्या निमित्ताने थांबले होते. त्यातला एक त्याचा सिग्नलमन, म्हणजे क्रेन चालताना खालून हातांनी इशारे देणारा. तोच ओरडला, "सिस्टर, दादाला सोळा मार्क पडले, तरी नापास! आमाला तीन पडले, आमी पास. अशी कुटली परीक्षा?"

"तू जा रं कामावर," मी म्हणाले. तो हसत गेला.

दादा हसला नाही. पुढच्या महिन्यात क्रेनचालकांची परवानगी नव्याने द्यायची होती. त्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे अनफिट गेलं, की कंत्राटदाराचा कुणीतरी त्याच्या जागी शिकून तयार होणार, आणि एकोणीस वर्षांचा चालक निवृत्त होईपर्यंत नट मोजणार. गावात काय बोललं जाईल ते वेगळं. हे त्याला कळत होतं आणि मलाही. "लेकीचं जमवायचंय दिवाळीनंतर," एवढंच म्हणाला.

त्याला बसवलं आणि फॉर्मांच्या गठ्ठ्यातून त्याचा फॉर्म काढला. बेरीज करताना मी खालचा आकडा पाहिला होता. आता वरची घरं पाहिली. रस न वाटणं, एक. उदास, शून्य. झोप, तीन. थकवा, तीन. भूक, तीन. स्वतःबद्दल वाईट वाटणं, शून्य. लक्ष न लागणं, तीन. मंदावणं, तीन. मेलेलं बरं, शून्य. सोळा बरोबर होते. बेरीज चुकली असती तर बरं झालं असतं, एका मेलमध्ये निस्तरलं असतं.

"झोप तीन कशी? लागत नाही?"

"लागत नाय कुटं, उटवतच नाय! दिवसपाळी करून सातला झोपतो, तरी सकाळी बायको हलवते तवा जाग येते."

"आणि हे मंदावणं?"

"तो सिग्नलमन रोज बोंबलतो ना. दादा, हात दाखवून चहा पिऊन आलो तरी हूक खाली नाय. मग तीनच लिवायला पायजे. खरं लिवा असं तुमीच बोललात कँटीनमदी."

मीच बोलले होते. खरं लिहा, काही होणार नाही.

आमचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, कर्जतहून, स्वतःची गाडी चालवत. साठीच्या पुढचे. थोडं बोलतात आणि जे बोलतात ते लागतं. मंगळवारी मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हा यू कुणी लिहिला?"

"मी."

"कशावरून?"

"पंधराच्या वर म्हणून."

"सिस्टर, गेटवर डिटेक्टर आहे. डबा घेऊन गेलं तरी वाजतो, पट्ट्याच्या बकलला वाजतो. वाजला की वॉचमन काय करतो? चोर म्हणून पोलिसांत देतो?"

"थांबवतो. पिशवी उघडून बघतो."

"मग तुम्ही पिशवी न उघडता चौघांना पोलिसांत दिलंत."

डॉक्टर म्हणाले की हा फॉर्म कामाचा आहे, टाकून द्यायचा नाही. एरवी विचारायचंच राहून जातं ते तो विचारून घेतो, आणि उपचार सुरू असलेल्या माणसाला महिन्या-दोन महिन्यांनी परत भरायला दिला तर फरक पडतोय का ते दाखवतो. पण तो फक्त लक्षणं मोजतो, ती कशामुळे आली ते त्याला कळत नाही. थकवा, झोप, भूक, लक्ष, मंदपणा, हे पाच प्रश्न शरीराच्या दहा आजारांतही होकारार्थी येतात, बाळंतिणीला येतात, तीन आठवडे रात्रपाळी करणाऱ्याला येतात. डिप्रेशन म्हणायचं तर पहिल्या दोन प्रश्नांपैकी एक तरी, उदासी किंवा रस जाणं, निम्म्याहून जास्त दिवस असायला हवं. तेवढ्यानेही भागत नाही. माणसाशी बोलावं लागतं, त्रास कामात-घरात किती आडवा येतो ते पाहावं लागतं, दुसरं कारण नाही ना ते शोधावं लागतं, दारू, औषधं, नुकतं झालेलं दुःख. "आणि कधी कधी हे सगळं करून शेवटी डिप्रेशनच निघतं," ते म्हणाले. "म्हणून यू पुसून एफ लिहायचा नाही. तो रकानाच काढा."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला स्वतःहून सुचायला हवी होती. "बेरजा बाजूला ठेवा. सगळ्या फॉर्मांतला फक्त नववा प्रश्न बघा. हिरव्यातलासुद्धा."

हिरव्यांत एक निघाला. पॅकिंगमधली एक बाई, एकूण चार. झोप एक, थकवा एक, उदास एक आणि नववा एक. चार म्हणजे तक्त्यात सौम्यसुद्धा नाही. मी तिला ठळक हिरवा रंग दिला होता. डॉक्टरांनी त्याच दिवशी तिला बोलावलं, दार लावून बोलले, मला बसवून घेतलं. त्यांनी सरळ विचारलं, असे विचार येतात तेव्हा काही करावंसं वाटतं का, काही ठरवलंय का. मला वाटत होतं असं विचारलं तर माणूस बिथरेल. ती बिथरली नाही, उलट खांदे खाली आले तिचे. काय बोलली ते इथे लिहायचं नाही. तिची नीट सोय लागली आणि ती अजून पॅकिंगमध्ये आहे, एवढं पुरे.

लाल चौघांचंही सांगून टाकते. एकीची आई फॉर्म भरण्याच्या नऊ दिवस आधी गेली होती, सुतकातून थेट कामावर आली होती. एकाची सलग रात्रपाळी होती, ती बदलल्यावर आकडा उतरला. एकाला खरोखरच डिप्रेशन होतं. डॉक्टरांनी दोनदा बोलून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं, औषध सुरू झालं, आणि त्याबद्दल कारखान्यात कुणाला कळलं नाही कारण तोवर मी शहाणी झाले होते. चौथा दादा.

त्याला डॉक्टरांनी शुक्रवारी बायकोला घेऊन यायला सांगितलं. ती आली, डोक्यावर पदर, हातात पिशवी, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच माझ्यावर तुटून पडली.

"अवो सिस्टर, ह्यांना उदास-बिदास काय नाय. गावात भजनाला जातात, नातवाला खांद्यावर घेतात. निस्ते झोपतात. आनि ते डिप्रेशन म्हंजे रडतं ना मानूस? हे कुटं रडतात?"

"रडलंच पाहिजे असं नाही," डॉक्टर म्हणाले. "अजून काय बदललंय?"

"अजून..." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "मे महिन्यात गोधडी घेतं का कोन? आमी उघड्यावर निजतो नि हे गोधडीत."

"गप गं," दादा म्हणाला.

"गप कशाला? डॉक्टरांना सांगायचं नाय तर कुनाला? आवाज पन ऐका, घोगरा झालाय. मी बोलले तंबाखूने झाला. जेवन अर्धं केलंय, तरी सदऱ्याची बटनं लागत नायत."

आणि मला सिग्नलमनची थट्टा आठवली. मे महिन्यात शेडच्या छताखाली केबिन भट्टीसारखी तापते. बाकीचे क्रेनचालक पंख्यासाठी भांडतात. दादाच्या पाळीत पंखा बंद असायचा. पोरं खालून ओरडायची, दादा, स्वेटर पाठवू का? सगळा कारखाना दोन महिने हसत होता, मीही.

डॉक्टरांनी त्याची नाडी पाहिली, मग माझ्याकडे. वार्षिक तपासणीची वही मी काढली. नाडी चोपन्न, माझ्या अक्षरात, पुढे एफ. तेव्हा मी त्याला म्हणाले होते, दादा, खेळाडूची नाडी आहे तुमची. डॉक्टरांनी गळा चाचपला, टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारली आणि पाऊल परत जागेवर यायला किती रेंगाळतं ते मला दाखवलं. रक्त घेतलं. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन. बाटल्या खोपोलीच्या लॅबला गेल्या.

मग एचआरच्या मॅडम. त्या वाईट नाहीत, घाबरट आहेत, आणि त्यांच्या जागी मीही घाबरले असते. त्यांचा प्रश्न बरोबर होता. "डॉक्टर, पाच टनांचा पाइप माणसांच्या डोक्यावरून जातो. उद्या काही झालं तर लोक विचारतील, सोळा होते तरी वर का ठेवला?"

"सोळा होते म्हणून खाली आणायचं कारण नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "पण मी त्याला आत्ता वर पाठवत नाही. त्याचा प्रतिसाद मंद आहे हे मी आज स्वतः तपासून पाहिलंय. रिपोर्ट येऊन उपचार लागू पडेपर्यंत तात्पुरतं खाली काम, प्रकृतीच्या कारणाने, आणि परवानगीचा निर्णय पुढे ढकलला. हे मी सही करून देतो. डिप्रेशन हा शब्द कुठल्याही कागदावर येणार नाही, कारण तसं निदान कुणी केलेलं नाही. आणि हे आकडे तुमच्याकडे असायलाच नको होते."

"मला तर सिस्टरनी पाठवले."

"हो," मी म्हणाले. "ती माझी चूक. मेल काढून टाका. पुढे कुणाचा आकडा या खोलीबाहेर जाणार नाही. तुम्हाला फक्त किती जणांनी फॉर्म भरले ते कळेल."

हे सगळं दादाला सांगितलं तेव्हा त्याला काही आनंद झाला नाही. "म्हंजे खालीच ना?" तो म्हणाला. "परवा कागदाने उतरवला, आज डॉक्टरने. नट तेच." त्याचं बरोबर होतं. नट तेच होते. फरक एवढाच, की आता उतरवण्याचं कारण त्याच्या शरीरात शोधलं होतं, ते बरं होण्यासारखं होतं, आणि परत चढायचा रस्ता लिहून ठेवला होता. पण स्टोरमध्ये बसणाऱ्याला एवढा फरक दिसत नाही.

रिपोर्ट सोमवारी आला. थायरॉइड ग्रंथी जवळजवळ संपावर गेली होती; झोप, थंडी, घोगरा आवाज, मंदपणा, सगळं तिच्यामुळे. साखर, हिमोग्लोबिन ठीक. गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी, त्यानंतर अर्धा-एक तास चहासुद्धा नाही. चहावरून त्याने माझ्याशी जितका वाद घातला तितका क्रेनवरूनही घातला नव्हता.

पुढच्या दोन-अडीच महिन्यांत मी खोलीतलं काम बदललं. तक्त्यातले रंग काढले. फॉर्म कँटीनमध्ये भरणं बंद. आता मी एकेकाला खोलीत बसवते, दार लावते, घरं भरून झाली की आधी नववा बघते, मग पहिले दोन, मग बेरीज, आणि दहा किंवा वर असेल तर डॉक्टरांच्या वहीत नुसती वेळ लिहिते, आकडा नाही. याला वेळ फार लागतो. हेड ऑफिसने विचारलं की तुमचं काम इतकं मागे का. मी कळवलं, पिशव्या उघडतेय. त्यांना कळलं नसावं.

सिग्नलमनला बोलावून एकदा बोलले. त्याच्या डोक्यात शिरलं ते असं: "म्हंजे दादा येडा नव्हता, थंड पडला व्हता."

"तसंही म्हणू नकोस. आणि ज्याला डिप्रेशन असतं तोही वेडा नसतो."

"मग कोन येडा असतो सिस्टर?"

"जो सिस्टरच्या दाराबाहेर पाणी पीत उभा राहतो तो."

ऑगस्टमध्ये रक्त परत तपासलं, थायरॉइड मंदावली की वर चढतो तो टीएसएचचा आकडा पुष्कळ खाली आला होता, अजून उतरायचा होता. डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली, नाडी पाहिली, हातोडी मारली. पाऊल झटकन परत आलं. मग म्हणाले, फॉर्म परत भरा. दादा पेन हातात घेऊन बराच वेळ बसला. मला वाटलं वाचतोय.

"खरं लिवू का बरं लिवू?" त्याने विचारलं.

हा प्रश्न मला टोचला, आणि टोचायलाच हवा होता. एकदा खरं लिहून त्याने काय भोगलं ते मी पाहिलं होतं. मी म्हणाले, "खरं लिहा. कागद इथेच राहील. आणि वर जायचं की नाही ते या कागदावर ठरणार नाही, ते डॉक्टर तुम्हाला तपासून आणि खाली उभं राहून बघून ठरवणार आहेत."

त्याने लिहिलं. थकवा अजून दोन, झोप, भूक, मंदपणा एकेक, बाकी शून्य. पाच.

"पास?"

"यात पास-नापास नाही, दादा."

"तुमीच यू लिवला व्हता."

"हो. मीच लिहिला होता."

पुढचा आठवडा तो दुसऱ्या चालकाबरोबर केबिनमध्ये बसला, मग त्याने रिकामा हूक चालवला, मग हलके पाइप, डॉक्टर शुक्रवारी शेडमध्ये खाली उभे. सिग्नलमन हात दाखवायचा आणि हूक त्याच्या हाताबरोबर हलायचा. परवानगीच्या नोंदवहीत डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने फिट लिहिलं आणि तारीख घातली. शिडी चढण्याआधी दादा माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, माझी ती लाल रांग माझ्यासमोर फाडा. मी तक्त्याची छापील प्रत काढली आणि चार तुकडे केले. मेल एचआरने काढून टाकल्याचं मला सांगितलंय, पण तोवर ती किती जणांनी वाचली होती ते मला माहीत नाही. तेही त्याला सांगितलं.

तो वर गेला. मी शेडच्या दाराशी थांबले होते. केबिनचा दिवा लागला, आणि पाठोपाठ पंखा.

या वर्षी मे उलटून गेला. करवंदांचा द्रोण आला नाही. मी विचारलेलं नाही.